न विचारलेले, म्हणून न सांगितलेले

वाचकहो, रक्तदाब मोजताना मी रुग्णाच्या दंडाकडे नीट पाहतो. पट्टा गुंडाळताना बाही वर सरकते आणि एरवी झाकलेले बरेच काही दिसते. काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे अनेक वर्षे येणाऱ्या एक मावशी महिन्याच्या तपासणीसाठी आल्या. वय ६८. त्यांच्या डाव्या कोपराजवळ तळहाताएवढा पिवळट-हिरवा डाग दिसला. मार लागल्यानंतर रक्त साकळते, ते आधी निळे-जांभळे दिसते आणि आठ-दहा दिवसांनी असे पिवळे पडते. म्हणजे मार जुना होता.

"मावशी, हे कशानं झालं?"

"पडले न्हाणीत. दहा-बारा दिवस झाले की. पहाटे उठले, डोळ्यांपुढं अंधारी आली."

"घरी कोणाला सांगितलंत?"

त्या थोडे हसल्या. "कुणी विचारलंच नाही."

घरात माणसे दोनच. मुलगा नोकरीसाठी पुण्याला, मुलगी सासरी. घरात मावशी आणि त्यांचे ७४ वर्षांचे यजमान. त्या त्यांना 'मालक' म्हणतात. पत्नीच्या हातावरचा एवढा मोठा डाग दहा दिवसांत त्यांना दिसला नाही का, असे मी विचारले. "दिसला असंल," त्या म्हणाल्या. "पण मालक कधी काही विचारत नाहीत. कुठं गेले, काय केलं, काय वाटतं, काहीच नाही. जेवताना त्यांचं सगळं मी ऐकते. कट्ट्यावर कोण आलं, कोण काय बोललं. माझं कुणी विचारत नाही. आता मीही सांगायचं सोडलंय."

मी मावशींना आधी पाच मिनिटे आडवे झोपवून आणि मग उभे करून रक्तदाब मोजला. झोपून वरचा आकडा १३८ होता, उभे राहिल्यावर दोन मिनिटांत तो १०८ झाला. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, तर त्या व्यक्तीला उठताना अंधारी येण्याचा आणि पडण्याचा धोका असतो. त्यांच्या दोन गोळ्यांपैकी लघवी वाढवणारी गोळी मी कमी केली आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मोजून घेतले. आपण मात्र अशी गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. अंधारी त्यांना महिनाभर येत होती. "आज कसं वाटतंय?" एवढे जरी घरात कोणी विचारले असते, तर ही गोष्ट पडण्याच्या आधी समजली असती.

आपल्या जोडीदाराने आपली विचारपूस न करणे, ही तक्रार ज्येष्ठ रुग्णांकडून, विशेषतः स्त्रियांकडून, मी वारंवार ऐकतो. ती 'घरगुती बाब' समजून डॉक्टर सोडून देतात. मीही पुष्कळ वर्षे सोडून दिली. आता तसे करत नाही. जोडीदाराने विचारणे थांबवले, की सांगणाऱ्याचे सांगणेही हळूहळू थांबते आणि मग दुखणीही सांगायची राहून जातात. शिवाय, न विचारण्याचे कारण प्रेमाचा अभाव हेच असेल असे नाही. कधी ते कानात असते, कधी मेंदूत, कधी मनाच्या उदासीत, तर कधी चाळीस वर्षांच्या सवयीत. ते कारण शोधल्याशिवाय जोडीदाराला दोष देणे किंवा स्वतःला कमी लेखणे, दोन्ही घाईचे ठरते.

हे कारण शोधण्यासाठी मी तीन प्रश्न विचारतो. पहिला: हे पहिल्यापासूनच असे आहे, की अलीकडे झाले? दुसरा: ते फक्त तुम्हालाच विचारत नाहीत, की कोणालाच नाही? तिसरा: तुम्ही आपणहून सांगितले, तर ते त्यांच्यापर्यंत पोहोचते का? म्हणजे ते ऐकून काही बोलतात का, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना ते आठवते का?

मावशींची उत्तरे अशी होती. "पहिल्यापासून थोडं असंच. पण आधी रात्री अंथरुणावर पडल्यावर दोन गोष्टी विचारायचे. मुलांचं, माझ्या माहेरचं. सात-आठ वर्षांत तेही गेलं." दुसऱ्या प्रश्नाला त्या म्हणाल्या, "नातवाला पण विचारत नाहीत. तो फोनवर आला की 'बरं आहे ना?' म्हणतात आणि फोन माझ्याकडं देतात." तिसऱ्या प्रश्नावर त्या क्षणभर थांबल्या. "मी सांगते तेव्हा 'हां, हां' म्हणतात. परवा म्हटलं, सुनेला बरं नाही. तर म्हणाले, 'बरं झालं.'"

या शेवटच्या वाक्यावर मी कागद बाजूला ठेवला आणि दूरदर्शनचा आवाज घरात किती मोठा असतो, ते विचारले. "शेजारणीला मालिका फुकट ऐकू येते," मावशी म्हणाल्या.

त्यांचे यजमान इचलकरंजीत यंत्रमागांवर जॉबर होते. बिघडलेला माग सुरू करून देणे, धोट्याची फेक जुळवणे हे त्यांचे काम, तेही पस्तीस वर्षे. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाजाची पातळी ९० डेसिबलच्या वर असते. तिथे शेजारी उभ्या माणसाशीसुद्धा खुणांनी किंवा कानाशी ओरडून बोलावे लागते. अशा आवाजात वर्षानुवर्षे काम केले, की आंतरकर्णातल्या शंखातील सूक्ष्म केसपेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. वयाने होणारी झीज त्यात मिळते.

ही झीज कशी कळून येते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण इथेच घराघरांत गैरसमज होतो. अशा माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. बोलण्यातले स्वर जाड आणि खालच्या पट्टीचे असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, त, ठ, प, ख, च ही व्यंजने बारीक आणि उंच पट्टीची असतात, ती आधी हरवतात. त्यामुळे 'ताट', 'पाट', 'काठ', 'साठ' हे शब्द सारखेच ऐकू येतात. 'सुनेला बरं नाही' यातले 'बरं' तेवढे पोहोचते. पुरुषांचा आवाज साधारणपणे खालच्या पट्टीतला, म्हणून कट्ट्यावरच्या मित्रांचे बोलणे तुलनेने समजते. पत्नीचा, सुनेचा, नातवंडांचा आवाज उंच पट्टीतला, म्हणून तो नेमका हुकतो. स्वयंपाकघरात नळ चालू असेल, कुकर वाजत असेल, पाठ वळवून बोलले जात असेल, तर विचारायलाच नको. आणि मग घरचे म्हणतात, "यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं."

आता, याचा न विचारण्याशी काय संबंध? प्रश्न विचारला की उत्तर ऐकावे लागते. ते काय येईल याचा अंदाज नसतो. ते कळले नाही तर 'काय?' म्हणावे लागते, पुन्हा कळले नाही तर पुन्हा, आणि तिसऱ्यांदा समोरचा माणूस चिडतो किंवा "जाऊ दे" म्हणतो. याउलट, आपणच बोलत राहिलो तर काहीच ऐकावे लागत नाही. विषय आपला, शब्द आपले. ज्याला कमी ऐकू येते, तो माणूस नकळत हा सोपा रस्ता धरतो: गप्प बसणे, किंवा एकट्यानेच बोलत राहणे. जेवताना कट्ट्यावरच्या हकिकती सांगणारे आणि पत्नीला एकही प्रश्न न विचारणारे काका असे वागत होते, याचे एक मोठे कारण हे होते. स्वतः काकांना मात्र आपल्याला कमी ऐकू येते हे पटत नव्हते. हे नुकसान इतक्या सावकाश होते की, लोकच पुटपुटायला लागले आहेत, असे त्या माणसाला वाटते.

पुढच्या आठवड्यात काका आले, अर्थात रक्तदाबाच्या निमित्ताने. मी दोन्ही कानांत पाहिले. उजव्या कानात मळाचा कठीण खडा होता. तेलाचे थेंब चार दिवस टाकून तो मऊ केला आणि मग काढला. कानात काडी, पिन किंवा किल्ली घालून मळ काढू नये. त्याने तो आत ढकलला जातो. मळ निघाल्यावर थोडा फरक पडला, पण थोडाच. मग त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे आणि तिथून श्रवणमापनासाठी पाठवले. बंद खोलीत कानावर यंत्र लावून वेगवेगळ्या पट्टीचे बारीक आवाज ऐकवतात, आणि ऐकू आला की बोट वर करायचे असते. ही तपासणी अर्ध्या तासात होते आणि दुखत नाही. काकांचा चांगला कान सरासरी ४८ डेसिबलवर ऐकू लागत होता. म्हणजे मध्यम बहिरेपणा, आणि उंच पट्टीत त्याहून बराच जास्त. नेहमीचे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते. ते त्यांना ऐकू यायचे ते एखाद्या जाड भिंतीपलीकडून आल्यासारखे.

त्यांना दोन्ही कानांसाठी श्रवणयंत्रे मिळाली. श्रवणयंत्राबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती न सांगितल्याने अनेक यंत्रे टेबलाच्या खणात जातात. चष्मा लावला की लगेच दिसते, तसे श्रवणयंत्राचे नाही. इतकी वर्षे न ऐकलेले पंख्याचे, भांड्यांचे, स्वतःच्या चपलांचे आवाज अचानक मोठे होतात आणि मेंदूला ते वेगळे काढायला वेळ लागतो. पहिले काही दिवस शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना, दिवसाला दोन-तीन तास लावावे. मग वेळ वाढवत जावे. लग्नसमारंभात पहिल्याच दिवशी लावून गेले, तर ते नक्की काढून ठेवले जाते. दोन-तीन वेळा श्रवणतज्ज्ञांकडे जाऊन आवाज जुळवून घ्यावा लागतो, आणि तो विक्रीनंतरच्या सेवेचा भाग आहे की नाही हे यंत्र घेण्यापूर्वीच विचारावे. खर्च परवडत नसेल तर केंद्र शासनाच्या २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना इतर साहित्याबरोबर श्रवणयंत्रही मिळते. जिल्हा परिषदेच्या किंवा जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात शिबिराची चौकशी करावी.

दीड महिन्याने मावशी आल्या. त्यांना आता अंधारी येत नव्हती. दूरदर्शनचा आवाज कमी झाला होता. नातवाशी काका फोनवर पाच मिनिटे बोलले होते. मी मनातून खूश झालो. मग मावशी म्हणाल्या, "ऐकायला येतंय आता. पण विचारत नाहीत, डॉक्टर."

वाचकहो, इथे मला थोडे थांबावे लागते. आम्हा डॉक्टरांना कारण सापडले, उपाय दिला की प्रकरण संपल्यासारखे वाटते. माणसाच्या बाबतीत कारण बहुधा एकच नसते. मावशींनी पहिल्या प्रश्नाला दिलेल्या उत्तराचा आरंभ मी कानाआड केला होता: "पहिल्यापासून थोडं असंच." कान सुधारला, पण सवय उरली.

काकांना मी एकट्याने बसवून विचारले, "मावशींना तुम्ही काही विचारत नाही, असं त्या म्हणतात." ते खरोखर चकित झाले. "तिला काय विचारायचं? घरातच तर असते. तिचं सगळं मला माहीत आहे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आमच्या घरी बायकांना विचारणं म्हणजे हिशेब मागणं. माझा बाप आईला विचारायचा, कुठं गेली होतीस, एवढा वेळ का लागला. मी ठरवलं होतं, आपण असं करायचं नाही."

या दोन वाक्यांत दोन निरनिराळी कारणे आहेत, आणि दोन्ही पुष्कळ घरांत सापडतील. दुसरे आधी घेऊ. आपल्या भाषेत 'चौकशी' आणि 'विचारपूस' असे दोन शब्द आहेत. चौकशीत संशय असतो, अधिकार असतो. विचारपुशीत आपुलकी असते. काकांनी लहानपणी घरात फक्त चौकशी पाहिली. तिच्यापासून पत्नीला वाचवताना त्यांनी विचारपूसही टाकून दिली. म्हणजे ज्या मौनाला मावशी उपेक्षा समजत होत्या, त्याला काका सभ्यपणा समजत होते. त्यांना मावशींची काळजी नव्हती असे नाही. मावशींच्या गोळ्या संपायच्या आत आणून ठेवणारे तेच होते. त्यांच्या पडण्याचे मी सांगितले, तेव्हा त्यांनी संध्याकाळीच मुलाला फोन करून न्हाणीत धरायला दांडा बसवून घेतला. काळजी होती, नव्हते ते कुतूहल. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळजी करणाऱ्याला तुमच्या शरीराचे, जेवणाचे, औषधाचे कळते. तुमच्या मनात काय चालले आहे, आज तुम्हाला कशाचे हसू आले, हे कुतूहल असेल तरच कळते. म्हणून "ते माझं सगळं करतात, तरी मला एकटं वाटतं" असे म्हणणारी स्त्री कृतघ्न नसते. तिला जे मिळते आणि जे मिळत नाही, ती दोन्ही खरी असतात.

पहिले कारण "तिचं सगळं मला माहीत आहे" हे. याबद्दल एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. २०११ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी विवाहित जोडप्यांवर तो प्रसिद्ध केला. दुहेरी अर्थ निघतील अशी रोजची वाक्ये एकाने पाठमोरे बसून बोलायची आणि इतरांनी त्यातला नेमका अर्थ ओळखायचा. ऐकणाऱ्यांत स्वतःचा जोडीदार होता, तसेच अनोळखी माणसेही होती. जोडीदारांना अर्थ अनोळखी माणसांपेक्षा जास्त चांगला ओळखता आला नाही. मात्र आपले माणूस आपल्याला बरोबर ओळखेल, असा विश्वास बोलणाऱ्यांना प्रत्यक्षाहून कितीतरी अधिक होता. सहवास वाढतो तसे 'मला माहीत आहे' हे वाढत जाते आणि विचारण्याची गरज वाटेनाशी होते. ज्या पत्नीचे सगळे काकांना माहीत होते, ती न्हाणीत पडली हे मात्र माहीत नव्हते.

काकांना मी औषधासारखेच लिहून दिले, कारण लिहून दिलेले ते पाळतात. रोज संध्याकाळच्या चहाला, दूरदर्शन बंद करून, समोरासमोर, हातभर अंतरावर, उजेड तोंडावर येईल असे बसून, एक प्रश्न. तो 'हो' किंवा 'नाही' या उत्तरावर संपणारा नसावा. "बरी आहेस ना?" याला उत्तर "हो" हेच येते, ते मी धरत नाही. "आज भजनाला काय झालं?" किंवा "मुलगा पुण्याला बोलावतोय, तुला काय वाटतं?" असे विचारावे. आणि उत्तर आल्यावर त्या उत्तरातूनच निघणारा आणखी एक प्रश्न. हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण पहिला पाठ करूनही विचारता येतो, दुसरा मात्र ऐकल्याशिवाय सुचत नाही.

मावशींनाही दोन गोष्टी सांगितल्या. विचारण्याची वाट पाहत बसू नका. "मला तुम्हाला एक सांगायचंय, पाच मिनिटं ऐका," असे आधी सांगून मग बोला. पाठमोरे, काम करता करता बोललेले वाया जाते. आणि चक्कर, पडणे, छातीत दुखणे, लघवीतला बदल, नजर अंधुक होणे, या गोष्टी कोणी विचारो न विचारो, त्याच दिवशी सांगायच्या. तिथे मान-अपमान मधे आणायचा नाही.

मावशींच्या घरी सगळे बदलले का? नाही. काका आठवड्यातून तीन-चार दिवस विचारतात, उरलेले दिवस विसरतात. मावशी म्हणतात, "परीक्षेला बसल्यासारखे विचारतात." पण मागच्या महिन्यात त्यांनी सांगितले की एका रात्री अंथरुणावर पडल्यावर काकांनी त्यांच्या थोरल्या बहिणीबद्दल आपणहून विचारले. मी लिहून दिलेल्या वेळी ते नव्हते.

आता एका वेगळ्या घराची हकिकत सांगणे भाग आहे, कारण सवय समजून दुर्लक्ष केले तर जिथे नुकसान होते, असेही एक कारण आहे. ६१ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक. सर्वांची विचारपूस करणारे म्हणून गावात प्रसिद्ध. दीड वर्षात ते बदलले. पत्नीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी ती डोळ्यावर पट्टी घेऊन बाहेर आली, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की जेवण कुठे मिळेल. मित्राच्या मृत्यूची बातमी ऐकून ते वर्तमानपत्र वाचत राहिले. गोड खाणे एकदम वाढले. स्मरणशक्ती मात्र ठीक होती, त्यामुळे विसरभोळेपणाचा आजार कोणाच्या मनात आला नाही. पत्नीला नातेवाईक सांगत होते, "निवृत्तीनंतर पुरुष असेच होतात." पत्नीने स्वतःला विचारून पाहिले, की आपले काय चुकले.

माझ्या तीन प्रश्नांची उत्तरे इथे वेगळी आली. हे अलीकडचे होते. ते कोणालाच विचारत नव्हते. आणि सांगितलेले नीट ऐकू येत होते, लक्षातही राहत होते, पण त्याने त्यांच्यात काही हलत नव्हते. असे उत्तर आले की मी ते नात्याचे भांडण मानत नाही. आधी थायरॉईड आणि जीवनसत्त्व ब-१२ यांची रक्ततपासणी करतो, चालू गोळ्या पाहतो, आणि उदासीनतेचा आजार आहे का ते तपासतो. उदासीनतेचा आजार असलेल्या माणसाला स्वतःला त्रास होत असतो. झोप उडते, भूक जाते, "माझा काही उपयोग नाही" असे तो म्हणतो. तो उपचाराने बरा होऊ शकतो. या शिक्षकांना मात्र कसलाच त्रास नव्हता, आणि तेच चिंतेचे होते. मेंदूविकारतज्ज्ञांनी मेंदूचे एमआरआय करून निदान केले: मेंदूच्या पुढच्या भागाची झीज. दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याचा अंदाज घेणे, त्याबद्दल ओढ वाटणे, हे काम मुख्यतः मेंदूच्या याच भागाचे. हा आजार बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो, विस्मरणाच्या आधी वागणे बदलते, आणि तो थांबवणारे औषध आज नाही. तरीही निदानाचा उपयोग झाला. त्या बाईंनी पैशांचे व्यवहार वेळीच आपल्या हाती घेतले, घरात गोड ठेवणे बंद केले, आणि सर्वांत महत्त्वाचे, स्वतःचे काय चुकले हे शोधणे थांबवले. त्या म्हणाल्या, "आता ते विचारत नाहीत याचं वाईट वाटतं, पण अपमान वाटत नाही."

पार्किन्सन, पक्षाघात आणि स्मृतिभ्रंश या आजारांतही अशी निरिच्छता येते. अशा रुग्णाची काळजी घेणारे वाचक हे वाचत असतील, तर त्यांना एवढेच सांगतो: जिथून प्रश्न येणे आता शक्य नाही, तिथे वाट पाहू नका. तुम्हाला विचारणारे दुसरे एक माणूस ठरवून ठेवा. बहीण असेल, शेजारीण असेल, मुलगी असेल. आठवड्याचा एक वार आणि वेळ ठरवा आणि त्या वेळी रुग्णाबद्दल न बोलता स्वतःबद्दल बोला. 'त्यांची तब्येत कशी आहे?' हे तुम्हाला सगळेच विचारतात. 'तुझी कशी आहे?' हे विचारायला कोणीतरी हवे.

आणखी एक भेद लक्षात ठेवावा. न विचारणे वेगळे, आणि बोलू न देणे वेगळे. तुम्ही मत मांडले की जोडीदार थट्टा करतो, दुसऱ्यांशी बोलण्यावर बंदी घालतो, पैसे किंवा औषधे अडवतो, अशी स्थिती असेल तर रोज संध्याकाळचा प्रश्न हा त्यावर उपाय नाही. अशा वेळी ज्येष्ठांसाठी असलेल्या १४५६७ या निःशुल्क राष्ट्रीय मदतवाहिनीवर फोन करावा, किंवा निदान आपल्या डॉक्टरांना एकट्याने भेटून सांगावे.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो घरी वाचून दाखवला. पत्नीने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "दिवसभरात पन्नास माणसांना 'काय होतंय?' विचारता. घरी आल्यावर शेवटचं कधी विचारलंत?" मला दिवस आठवला नाही. मी दूरदर्शन बंद केला आणि चहा ठेवायला उठलो. चहा होईपर्यंत कोणता प्रश्न विचारावा, याचा विचार करत होतो. मग लक्षात आले की उत्तर काय येईल याचा मला खरोखरच अंदाज नव्हता.